प्र, वि, सम् : अडलेल्या शब्दाचा अर्थ काढायची ट्रिक

प्रवाद, विवाद, संवाद यात गोंधळ होतो ना? मग असं करा.

१. शब्दाच्या सुरुवातीचा तुकडा, म्हणजे प्र, वि किंवा सम् हा उपसर्ग झाकून मूळ बघा, इथे 'वाद' म्हणजे बोलणं.
२. आता तुकडा परत लावा. 'प्र' पुढे ढकलतो, म्हणून प्रवाद म्हणजे लोकांत पसरत गेलेली बोलवा, 'वि'ने बोलणं फाटतं आणि विवाद होतो, 'सम्' जवळ आणतो म्हणून संवाद.

'योग' म्हणजे जोडणं, त्यावर करून बघा, वियोग आणि संयोग लगेच सुटतात, प्रयोगात मात्र जोडणं जाऊन कामाला लावणं येतं.

फक्त 'वि' जपून, तो दरवेळी तोडत नाही, विख्यात आणि विशुद्धमध्ये उलट जोर वाढवतो, त्यामुळे अख्खं वाक्य वाचूनच अर्थ ठरवा.