सोन्याच्या भावाचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

दर दिवाळीच्या आधी कुणीतरी मला एक आलेख पाठवतं. निळी रेघ सोन्याचा खरा भाव, केशरी रेघ मॉडेलचा अंदाज, आणि दोन्ही एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की वेगळ्या दिसतच नाहीत. खाली लिहिलेलं असतं, ‘आर-स्क्वेअर ०.९९’, म्हणजे अंदाज खऱ्या भावाशी जवळपास पूर्ण जुळतो, असा दावा. पाठवणाऱ्याला वाटतं, भाव सापडला. त्याला काय सापडलंय ते सांगण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्यात, म्हणून एकदाच नीट लिहितो.

केशरी रेघ भाव सांगत नाहीये, कालचा भाव आज पुन्हा लिहितेय. समजा, सोमवारी भाव ७१,२०० होता, मंगळवारी ७१,९००, बुधवारी ७१,४००. मॉडेलचा मंगळवारचा अंदाज ७१,२१० येतो आणि बुधवारचा ७१,८९०. प्रत्येक अंदाज आदल्या दिवसाच्या भावाला दहा-वीस रुपये इकडेतिकडे करून बनलाय. तीन वर्षांचे दिवस एका चित्रात कोंबले की एक दिवसाचा हा उशीर डोळ्यांना दिसत नाही. आर-स्क्वेअर मोठा येतो, कारण त्या तीन वर्षांत भाव पन्नास हजारांवरून सत्तर हजारांवर गेलेला असतो आणि कालचा भाव आजच्या भावाच्या जवळ असतोच. त्यात मॉडेलचं कर्तृत्व काही नाही.

ओळखायची माझी रीत साधी आहे. केशरी रेघ एक दिवस मागे सरकवायची. ती निळीवर अगदी तंतोतंत बसली, तर तुमच्या हातात सावली आहे. मग मॉडेल किती चुकतं त्याची तुलना करायची, पण शून्याशी नाही, ‘उद्याचा भाव म्हणजे आजचाच भाव’ या सगळ्यात आळशी अंदाजाशी:

```python
test = df["close"][-250:]
naive = df["close"].shift(1)[-250:]
print((test - naive).abs().mean())
print((test - pred).abs().mean())
```

इथे `pred` म्हणजे त्याच २५० दिवसांचे तुमचे अंदाज, प्रत्येक अंदाज आदल्या दिवसापर्यंतच्याच माहितीवर काढलेला. खालचा आकडा वरच्यापेक्षा ठळकपणे लहान नसेल, तर मॉडेलने काहीही शिकलेलं नाही. या चार ओळी न लिहिता कुणी मला आलेख दाखवला, तर मी तो बघत नाही.

असं का होतं? मूव्हिंग ॲव्हरेज म्हणजे गेल्या काही दिवसांची सरासरी असो, वा मागचे बदल आणि मागच्या चुका बघून पुढचा आकडा काढणारं अरिमा, दोघांकडे कच्चा माल एकच: भावाचा स्वतःचा भूतकाळ. सोन्याच्या रोजच्या टक्केवारीतल्या बदलांचा कालच्या बदलाशी संबंध काढलात तर तो शून्याच्या आसपास येतो. काल चढलं म्हणून आज चढेल, असा भरवशाचा नियम असता तर लंडन, शांघाय आणि मुंबईतल्या लोकांनी आजच्या चढाआधी कालच खरेदी केली असती आणि नियम तिथेच संपला असता. म्हणून सोन्याच्या दैनिक भावावर अरिमाचं प्रामाणिक उत्तर बहुतेकदा (०,१,०) असतं, म्हणजे आजचा भाव अधिक अनिश्चितता. अरिमाचे आकडे आपोआप निवडणारं `auto_arima` हे उत्तर देतं तेव्हा नवशिक्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. मग ते जबरदस्तीने (५,१,५) लावतात. मी उलट करतो. मॉडेलचा नेमकेपणा आणि आकार एकत्र तोलणाऱ्या एआयसी या मापात दोनपेक्षा कमी फरक असेल तर लहान मॉडेल घेतो. एआरचा, म्हणजे मागच्या बदलांचा, गुणक ०.९६ आणि एमएचा, म्हणजे मागच्या चुकांचा, उणे ०.९५ असं जोडपं दिसलं तर दोन्ही काढून टाकतो, कारण ते एकमेकांना खोडत असतात. लोक त्यालाच ‘पॅटर्न’ म्हणतात.

आता दुसरी चूक, जिने माझ्या ओळखीच्या एका घराला खरा फटका दिला.

जुलै २०२४. माझ्याकडे शिकायला येणारा एक मुलगा, त्याचे मामा जळगावला सराफ. त्याने रुपयांतल्या दहा ग्रॅमच्या भावावर अरिमा लावलं. मॉडेलची सरासरी चूक चारशे रुपयांच्या आसपास होती आणि मामांना ती फारच छोटी वाटली. त्यांच्याकडे दोन किलोचा साठा होता. पुढच्या आठवड्यात भाव बहात्तर-त्र्याहत्तर हजारांत राहील, असं भाच्याने सांगितलं. मामांनी साठा तसाच ठेवला.

२३ जुलैला अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. त्याच दिवशी एमसीएक्स या वायदे बाजारात भाव सुमारे चार हजारांनी खाली आला. दोन किलो म्हणजे दहा ग्रॅमचे दोनशे भाग, म्हणजे साठ्याची किंमत एका दुपारीत आठ लाखांनी घटली. रात्री मुलाचा फोन आला. “सर, मॉडेलमध्ये काय चुकलं?”

मॉडेलमध्ये काही चुकलं नव्हतं. चूक त्याच्याही आधीची होती. रुपयांतला भाव ही एक मालिका नाहीच, तीन वेगळ्या गोष्टींचा गुणाकार आहे:

```
भाव (१० ग्रॅम) = डॉलर प्रति औंस ÷ 31.1035 × 10 × रुपये प्रति डॉलर × (1 + शुल्क)
```

त्या दिवसांतले ढोबळ आकडे घालून बघा. औंसाला २,४०० डॉलर, डॉलरला ८३.७ रुपये. शुल्काआधी येतात सुमारे ६४,५८० रुपये. १५ टक्के शुल्काने ७४,२७० आणि ६ टक्क्यांनी ६८,४६०. लंडनमध्ये काही न घडताही कागदावर पाच हजार आठशेचा फरक पडतो. बाजारात तो सगळा त्याच दिवशी उतरला नाही, पण दिशा आणि वजन सूत्रातून सरळ दिसतं. शुल्क वर्षानुवर्षं गप्प बसतं आणि एका भाषणात बदलतं. जुलै २०२२ मध्ये ते १०.७५ वरून १५ टक्के झालं होतं, तेव्हा हाच धक्का उलट दिशेने बसला होता. अशी गोष्ट कालच्या भावांच्या यादीत सापडणं शक्य नाही, मॉडेल कितीही मोठं घ्या.

आणि नुकसान त्या दिवशी थांबत नाही. तो खड्डा पुढे मॉडेलच्या आत राहतो. वीस दिवसांची सरासरी पुढचे जवळपास वीस व्यवहाराचे दिवस जुने, चढ्या शुल्काचे भाव पोटात घेऊन चालते, त्यामुळे ‘भाव सरासरीच्या खाली, मंदी’ असा इशारा रोज मिळत राहतो. मंदी वगैरे काही नसते, फक्त कर बदललेला असतो. त्या एका दिवसाने अरिमाचे गुणकही हलतात. म्हणून मी रुपयांच्या मालिकेवर थेट काहीच बसवत नाही. शुल्क भागून काढतो, डॉलरमधल्या सोन्याच्या भावावर काम करतो, रुपया वेगळा ठेवतो आणि शेवटी गुणाकार करतो. अर्थसंकल्पाच्या आठवड्यात अंदाज देतच नाही. मामांसारख्यांना मी तेव्हापासून एकच सांगतो: साठ्याची भीती असेल तर एमसीएक्सवर तेवढ्याच वजनाची वायद्यात विक्री करून ठेवा. गोल्ड मिनीचा सौदा १०० ग्रॅमचा असतो आणि त्या भावात आयात शुल्क धरलेलं असतं. शुल्क कमी होऊन साठ्याची किंमत उतरली, तरी सौद्यात नफा झाला असता. त्यासाठी भाव ओळखावा लागत नाही.

मूव्हिंग ॲव्हरेजबद्दल अजून थोडं. ती गुळगुळीत असते म्हणून लोकांना ती शहाणी वाटते, पण तिचा गुळगुळीतपणा उशिराच्या बदल्यात मिळतो. २१ दिवसांची सरासरी म्हणजे दहा दिवसांपूर्वीचा मध्य. तीच उद्याचा अंदाज म्हणून वापरली तर अंतर अकरा दिवसांचं होतं. भाव रोज ५० रुपये चढत असेल तर तुम्ही कायम ५५० रुपये मागे राहता, आणि भाव उलटला की तितकेच पुढे. शिवाय आजचा भाव धरून काढलेली सरासरी आजच्याच अंदाजाला वापरू नका. `rolling(20).mean()` च्या पुढे `.shift(1)` हवाच. आणि `center=True` लावून कुणी मला निकाल दाखवला तर मी संभाषण तिथेच थांबवतो. त्यात पुढच्या नऊ दिवसांचे भाव आधीच मिसळलेले असतात.

बाकीच्या छोट्या चुका. दिवस शफल करून ट्रेन आणि टेस्ट वेगळे करू नका, नाहीतर मॉडेल बुधवारचा भाव सांगताना गुरुवारचा बघून बसतं. शनिवार-रविवार कालच्या भावाने भरू नका, आठवड्यातले दोन बदल खोटे शून्य होतात आणि अरिमाला त्यात लय दिसू लागते. एमसीएक्सचे सौदे जोडून लांब मालिका बनवली असेल तर जुना सौदा संपून नवा सुरू होतो त्या दिवसाची उडी काढून टाका, ती व्याजाची असते. `statsmodels` मध्ये d=1 असताना, म्हणजे भावाऐवजी त्याच्या रोजच्या फरकावर अरिमा लावताना, चढाचा कल हवा असेल तर `trend="t"` लिहावं लागतं, आपोआप येत नाही. आणि त्याच मॉडेलचा अगदी पहिला अंदाज शून्याजवळ येतो, तो वगळून चूक मोजा.

शेवटची चूक मला सगळ्यात जास्त खटकते: एकच आकडा सांगणं आणि भाव कुठून कुठपर्यंत जाऊ शकतो तो पट्टा लपवणं. घाई असलेल्यांना पट्टा नको असतो, कारण तो दाखवला की अंदाज किती पातळ आहे ते उघड होतं. हिशेब करू. सोनं वर्षाला १२ टक्के वाढतं असं उदारपणे धरा, म्हणजे महिन्याला एक टक्का. ७०,००० वर ते ७०० रुपये. रोजची हालचाल एक टक्का धरा. महिन्यात व्यवहाराचे २२ दिवस, २२ चं वर्गमूळ सुमारे ४.७, म्हणून महिन्याची हालचाल ४.७ टक्के, म्हणजे ३,३०० रुपये. ९५ टक्क्यांचा पट्टा त्याच्या जवळपास दुप्पट, दोन्ही बाजूंना साडेसहा हजार. तुमच्या मॉडेलने शोधलेला कल ७०० आणि भोवतालचा गोंगाट ६,५०० असेल, तर ‘महिन्याने ७०,७००’ या वाक्याचा खरा अर्थ ‘६४,२०० ते ७७,२००’ असा होतो. हे ऐकून मुलीच्या लग्नाचं सोनं आता घ्यावं की थांबावं, ते कुणालाही ठरवता येणार नाही, आणि माणसाला ते तसंच सांगायला हवं.

हा पट्टासुद्धा अरुंद आहे. १५ एप्रिल २०१३ ला डॉलरमधलं सोनं एका दिवसात नऊ टक्क्यांच्या आसपास पडलं. घंटेच्या आकाराच्या वितरणात आणि रोजच्या एक टक्का हालचालीत असा दिवस माणसाच्या इतिहासात येऊ नये, पण तो आला. म्हणून मी पट्टा सूत्राने काढत नाही. गेल्या दहा वर्षांतल्या प्रत्येक २२ दिवसांच्या तुकड्यात भाव किती टक्के हलला ते काढतो, लहान ते मोठं असं लावतो आणि खालचे-वरचे अडीच-अडीच टक्के सोडून मधला भाग सांगतो. त्या मुलानेही आता हेच सुरू केलंय. मामांना तो दर महिन्याला एक आकडा पाठवायचा, आता दोन पाठवतो, आणि मामा खालचा आकडा बघून किती साठा उघडा ठेवायचा ते ठरवतात.