बाळाने तोंडात बोट घातले : चौथीला वाक्प्रचार शिकवताना या चुका टाळा

"वाऱ्याने माझ्या डोळ्यांत धूळ फेकली." "बाळाने तोंडात बोट घातले." "सोनाराने ताईचे कान टोचले."

चौथीच्या वह्या तपासताना ही वाक्यं दरवर्षी भेटतात. व्याकरण बिनचूक, अक्षर वळणदार, पूर्णविरामसुद्धा जागेवर. फक्त वाक्प्रचार त्या वाक्यात नसतो. मुलाने शब्द वापरलेले असतात, त्यांचा रूढ अर्थ वापरलेला नसतो. मग "वर्गात लक्ष नसतं" असा शेरा मुलाच्या माथी बसतो. माझं मत वेगळं आहे. बहुतेक वेळा घोळ आपण दाखवलेल्या चित्रात असतो.

शब्दांचं चित्र दाखवून मोकळं होणं

ही मला सगळ्यात जास्त खुपणारी चूक आहे, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहिते.

चित्राच्या दृष्टीने वाक्प्रचारांचे दोन गट पडतात. पहिल्या गटातली गोष्ट खरोखर घडूच शकत नाही. पोटात कावळे ओरडणे, आकाश ठेंगणे होणे, जीव भांड्यात पडणे. यांचं शब्दशः चित्र काढलं तरी काही बिघडत नाही. पोटात बसलेले कावळे पाहून मूल हसतं आणि असं कधी होत नाही, म्हणजे अर्थ दुसराच असणार, हे त्याला आपोआप कळतं.

दुसऱ्या गटातली गोष्ट मात्र रोज घडू शकते. डोळ्यांत धूळ जाते. बाळं तोंडात बोट घालतात. कान टोचले जातात, पाठ थोपटली जाते, देवळात पाय धरले जातात. इथे शब्दशः चित्र दाखवलंत की मूल तोच अर्थ पक्का धरतं, कारण चित्रातलं दृश्य त्याने घरी पाहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरात लिहिलेला "फसवणे" हा अर्थ ते वाचतही नाही.

एका वर्षी आमच्या वर्गाला कोणीतरी हौसेने वाक्प्रचारांचे रंगीत तक्ते आणून दिले. छपाई सुंदर होती. 'कान टोचणे' या वाक्प्रचारासमोर पगडी घातलेला सोनार, मांडीवर रडणारी छोटी मुलगी आणि हातात सोन्याची तार. तक्ता भिंतीवर लागला, मुलं येता-जाता बघायची. चाचणीत 'कान टोचणे' वाक्यात वापरायला आलं आणि वर्गातल्या बहुतेक वह्यांत सोनार हजर झाला. कोणी ताईचे कान टोचले, कोणी छकुलीचे, एकाने तर बारशाचा सगळा थाट वर्णन केला. गुण कापल्यावर एका मुलीची आई वही घेऊन आली. "तुमच्या भिंतीवर जे चित्र आहे तेच तिने लिहिलंय. मग चूक कसं?" तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

यात आणखी एक गुंता आहे. 'सोनारानेच कान टोचावे' असं आपण म्हणतो, म्हणजे कडू गोष्ट योग्य माणसाने सांगितली तर ती पटते. त्यामुळे वाक्यात सोनार दिसला की तपासणाराही क्षणभर गोंधळतो आणि अर्धा गुण देऊन पुढे जातो. तो अर्धा गुण मुलाचं नुकसान करतो, कारण आपलं थोडं तरी बरोबर आहे असं त्याला वाटत राहतं. तिथे शून्य द्या, पण त्याच दिवशी शेजारी बसवून नीट समजावा.

तो तक्ता मी उतरवला आणि फळ्यावर दुसरं चित्र काढलं. दादा मान खाली घालून उभा आहे, हातात मोबाइल. शेजारी टेबलावर कोरी वही उघडी. समोर आजोबा बोट उगारून बोलताहेत. चित्र म्हणजे काड्यांची माणसंच होती. माझी चित्रकला बेताची आहे आणि तेवढी पुरते. मग विचारलं, "या चित्रात कोणी कोणाच्या कानाला हात लावलाय का?" "नाही!" "मग आजोबा काय करताहेत?" "रागावताहेत." "उगीच?" "नाही, त्याने अभ्यास केला नाही म्हणून." यातून अर्थ मुलांनीच बांधला : चुकणाऱ्याला स्पष्ट शब्दांत समज देणे. थोड्या वेळाने वाक्य आलं, "रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघणाऱ्या दादाचे आजोबांनी चांगलेच कान टोचले." पूर्ण गुणांचं वाक्य.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. वाक्प्रचारातली गोष्ट खरोखर घडू शकत असेल, तर चित्र शब्दांचं काढायचं नाही, प्रसंगाचं काढायचं. आणि चित्र झाल्यावर तोच प्रश्न विचारायचा : यात धूळ दिसते का? यात बोट तोंडात आहे का? उत्तर "नाही" आलं तर चित्र कामाचं.

प्रसंग शोधायला फार लांब जावं लागत नाही. चौथीला मुलं शिवचरित्र शिकतात, आणि त्यात वाक्प्रचार जागोजागी आहेत. 1659 साली अफजलखानाने विजापूरच्या दरबारात शिवरायांना पकडण्याचा विडा उचलला, ही गोष्ट सांगितली की 'विडा उचलणे' वेगळं शिकवावं लागत नाही. दरबार, तबकातला विडा, तो उचलणारा सरदार : इथे शब्द आणि अर्थ एकाच चित्रात येतात, असं क्वचितच होतं. पण लगेच दुसरा, विड्याशिवायचा प्रसंग घ्या. "गाव स्वच्छ करण्याचा मुलांनी विडा उचलला." नाहीतर मुलांना वाटतं, पान खाल्ल्याशिवाय हा वाक्प्रचार चालत नाही. तसंच 1666 साली आग्र्याहून झालेली सुटका. "आजारपणाचे निमित्त करून शिवराय पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी देऊन निसटले." हे वाक्य एकदा डोक्यात बसलं की मुलं लपंडावातसुद्धा 'हातावर तुरी देणे' वापरतात.

वाक्यात अर्थ न दिसणं

"माझ्या तोंडचे पाणी पळाले." एवढंच. हे चूक नाही, पण याला मी वाक्यात उपयोग म्हणत नाही. या जागी कुठलाही वाक्प्रचार बसेल. "माझ्या नाकी नऊ आले", "माझा जीव भांड्यात पडला", सगळे सारखेच. घाईत असलेली मुलं हीच पळवाट शोधतात, आणि दहा वाक्यं पाच मिनिटांत संपवतात.

त्याहून चलाख मुलं लिहितात, "माझ्या तोंडचे पाणी पळाले म्हणजे मी खूप घाबरलो." हा अर्थ झाला, उपयोग नाही. आणि "बाईंनी आज आम्हाला तोंडचे पाणी पळणे हा वाक्प्रचार शिकवला" असं लिहिणाराही वर्गात एक तरी निघतोच.

माझा उपाय हाताचा आहे. वाक्य लिहून झालं की वाक्प्रचारावर बोट ठेवून तो झाकायचा आणि उरलेलं शेजाऱ्याला वाचून दाखवायचं. "गृहपाठाची वही घरीच राहिली हे कळताच राजूच्या ..." शेजारी लगेच म्हणतो, "घाबरला!" म्हणजे वाक्य जमलं. शेजारी गप्प बसला तर वाक्यात कारण घालायचं राहिलंय. "कळताच", "पाहून", "ऐकून", "म्हणून" यांपैकी एखादा शब्द आला की चौथीच्या मुलाचं वाक्य बहुधा सावरतं.

कोणाचं, कोणाला, कोणी : हे न सांगणं

फळ्यावर नुसतं 'तोंडाला पाणी सुटणे' लिहिलं, की वहीत "मी तोंडाला पाणी सुटलो" उतरतं. 'णे' जाऊन क्रियापद बदलायचं हे मुलाला कळलेलं असतं, पण 'मी'चं 'माझ्या' कुठे करायचं हे आपण सांगितलेलंच नसतं. म्हणून मी वाक्प्रचार कधीच उघडा लिहीत नाही, पुढे रिकामी जागा ठेवते :

(कोणाच्या) तोंडाला पाणी सुटणे
(कोणाचा) जीव भांड्यात पडणे
(कोणाला) घाम फुटणे
(कोणी) (कोणाच्या) डोळ्यांत धूळ फेकणे
(कोणी) (कशावर) पाणी सोडणे

मुलं आधी कंसातले शब्द भरतात, मग वाक्य लिहितात. "हरिणाने डोळ्यांत धूळ फेकली" असं अर्धवट वाक्य मग येत नाही. कोणाच्या डोळ्यांत, ही जागा रिकामी दिसते आणि मूल स्वतःच "शिकाऱ्याच्या" लिहितं. ज्यांच्या घरी मराठी कमी बोललं जातं त्या मुलांसाठी तर याला पर्याय नाही. अशी मुलं कानाने चूक पकडू शकत नाहीत.

म्हणीतली वस्तू न दाखवणं

वाक्प्रचारांत प्रसंगाचं चित्र काढायचं, पण म्हणींत बऱ्याचदा वस्तूचंच चित्र लागतं, कारण ती वस्तू मुलांनी पाहिलेली नसते. 'काखेत कळसा, गावाला वळसा' याचं चित्र काढायला सांगा. निम्मी मुलं बगलेत देवळाचा कळस धरलेला माणूस काढतील. कळसा म्हणजे पाणी भरायचं भांडं, बायका ते कमरेवर घेतात, हे कोणी सांगितलेलंच नसतं. ते दाखवलं की हातातली वस्तू गावभर शोधणारी बाई लगेच समजते. 'आवळा देऊन कोहळा काढणे' यात तर कोहळ्याच्या जागी हमखास कोल्हा येतो. भाजी मंडईतून एक कोहळा आणा, शेजारी आवळा ठेवा. आकारातला फरक दिसला की म्हणीचा अर्थ सांगायलाच लागत नाही. 'पळसाला पाने तीनच' शिकवताना पळसाची डहाळी आणावी. 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणताना नाग स्वतः बीळ खणत नाही, उंदराच्या बिळात किंवा वारुळात शिरतो, एवढं एक वाक्य बोललं तरी पुरतं.

म्हण वाक्यात वापरताना ती मोडायची नसते. "मी नाचता येईना अंगण वाकडे केले" असं लिहिणाऱ्या मुलाला दोन वाक्यांची मोकळीक द्या. आधी प्रसंग, मग म्हण जशीच्या तशी. "चित्र बिघडल्यावर समीर म्हणाला, ब्रशच खराब आहे. म्हणतात ना, नाचता येईना अंगण वाकडे!"

थोडक्यात राहिलेल्या चुका

नाकाचे सगळे वाक्प्रचार एकाच दिवशी शिकवू नका. नाक मुरडणे, नाक खुपसणे, नाक घासणे, नाकी नऊ येणे हे सगळं एकत्र ओतलं की चाचणीत अदलाबदल होणारच.

'पोटात कावळे ओरडणे' ऐवजी मुलाने 'कोकलणे' लिहिलं तर कापू नका. दोन्ही रूपं घराघरांत बोलली जातात. 'चिमण्या ओरडणे' मात्र चालणार नाही.

शंभर म्हणींची यादी सुट्टीत पाठ करून घेणाऱ्या पालकांना माझी विनंती : आठवड्याला तीन घ्या. प्रत्येकीची दोन वेगळ्या प्रसंगांत वाक्यं करून घ्या, त्यातला एक प्रसंग घरातला असू द्या. पाठ केलेल्या यादीतून मुलाला जोड्या लावता येतात, पण वाक्य लिहायची वेळ आली की ते पुन्हा सोनाराकडेच जातं.