स्किप पॉइंटरने AND क्वेरी कशी चालवावी: उडी कुठे मारायची, कुठे नाही

इन्व्हर्टेड इंडेक्स तयार आहे, प्रत्येक शब्दाच्या पोस्टिंग लिस्टमधले डॉक-आयडी चढत्या क्रमाने लावलेले आहेत, एवढं गृहीत धरतो. क्रम लावलेला नसेल तर आधी तो लावा, नाहीतर पुढचं काहीच चालणार नाही.

१. लहान लिस्ट पुढे घ्या. कोणता शब्द किती डॉक्युमेंटांत आहे हे डिक्शनरीत नोंदलेलं असतंच. तीन-चार शब्द असतील तर सर्वांत लहान लिस्टपासून सुरुवात करा आणि जे उरेल ते पुढच्या लिस्टशी ताडत जा. स्किप पॉइंटर म्हणजे मधल्या काही नोंदी ओलांडून थेट पुढच्या नोंदीवर नेणारा दुवा; मधल्या निकालाला ते नसतात. पण तो लहानच असतो आणि उड्या मारायच्या असतात मोठ्या लिस्टवर, त्यामुळे बिघडत नाही.

२. साधं मर्ज आधी लिहा. दोन्ही लिस्टवर एकेक बोट ठेवा. आकडे सारखे असतील तर निकालात घाला आणि दोन्ही बोटं पुढे सरकवा, नसतील तर लहान आकड्यावरचं बोट पुढे सरकवा. हा कोड जपून ठेवा, शेवटी लागेल.

३. आता स्किप. खरं काम इथे आहे. याबद्दलचा नेहमीचा सल्ला एका ओळीत संपतो: लिस्टमध्ये P नोंदी असतील तर दर √P नोंदींवर एक पॉइंटर ठेवा आणि वेग वाढेल. उडी मारायची अट काय असावी, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत चालवू.

लहान लिस्ट: 9, 44, 90, 131

मोठी लिस्ट: 3, 7, 9, 12, 20, 28, 31, 37, 44, 52, 60, 71, 90, 95, 108, 120

मोठीत 16 नोंदी आहेत, म्हणून दर चौथ्या नोंदीवर स्किप: 3 वरून 20 वर, 20 वरून 44 वर, 44 वरून 90 वर.

```python
def intersect(a, b, gap):
    out, i, j = [], 0, 0
    while i < len(a) and j < len(b):
        if a[i] == b[j]:
            out.append(a[i])
            i += 1
        elif a[i] < b[j]:
            i += 1
        elif j % gap == 0 and j + gap < len(b) and b[j + gap] <= a[i]:
            j += gap
        else:
            j += 1
    return out
```

पहिल्यांदा 9 शोधतोय. 3 वर उभे आहोत, स्किप 20 वर नेतो. 20 हा 9 पेक्षा मोठा, म्हणजे उडी मारली तर 9 मागेच राहील. एकेक पाऊल टाकत 7 आणि मग 9 गाठायचा. पुढे 44 शोधताना 12 वरून 20 वर आलो. तिथला स्किप थेट 44 वर नेतो आणि 44 हा 44 पेक्षा मोठा नाही, म्हणून उडी बिनधास्त मारा. 28, 31, 37 न बघताच मागे पडले.

इथे `<=` ऐवजी `<` लिहिलंत तरी उत्तर बरोबरच येतं, फक्त ही उडी हुकते. खरा घात होतो तो उडी मारल्यावर त्याच फेरीत `j += 1` पण चालू दिलं तर. मग 44 वर उतरून लगेच 52 वर जाल आणि जुळणारं डॉक्युमेंट गळेल. ही चूक सहज सापडत नाही, कारण जुळणारा आकडा नेमका स्किपच्या टोकावर असेल तेव्हाच ती दिसते. एका फेरीत एकच हालचाल, हा नियम मोडू नका.

जुळणी झाल्यावर मी फक्त लहान लिस्ट पुढे नेलीये, तेही मुद्दाम. दोन्ही बोटं सरकवली तर 44 वरून 52 वर याल. 52 ला स्किप नाही, त्यामुळे 90 पर्यंत चालत जावं लागेल. 44 वरच थांबलात तर 90 ला एका उडीत पोहोचता. असं करून 16 पैकी 10 नोंदींना हात लागतो.

४. स्किपमधला आकडा कशाचा, ते ठरवा. वरच्या मांडणीची अडचण अशी की पॉइंटर नसलेल्या नोंदीवर उभे असाल तर उडीच मारता येत नाही, आणि शेवटच्या तुकड्याला पॉइंटरच नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: पॉइंटर नोंदींमध्ये पेरू नका. लिस्टचे ब्लॉक करा आणि प्रत्येक ब्लॉकचा *शेवटचा* डॉक-आयडी वेगळ्या तक्त्यात ठेवा. आपल्या लिस्टसाठी तो तक्ता 12, 37, 71, 120 असा होतो.

```python
while blk < len(last) and last[blk] < target:
    blk += 1
```

बघा, अट बदलली. आता `<` च हवं, `<=` चालणार नाही. ब्लॉकचा शेवटचा आकडाच आपल्याला हवा तो असेल तर ब्लॉक ओलांडला की तो गेला. पहिल्या मांडणीत `<` ने फक्त वेळ जात होता, इथे `<=` ने उत्तर चुकतं. एका ठिकाणची अट उचलून दुसरीकडे चिकटवणारे इथेच फसतात.

याच मांडणीत तेच चार आकडे शोधा. 9 साठी 3, 7, 9 वाचले. 44 साठी 12 आणि 37 दोन्ही लहान, म्हणून दोन ब्लॉक सोडून थेट 44. 90 साठी 71 लहान, तोही ब्लॉक सोडला. 131 साठी 120 लहान, म्हणजे लिस्टच संपली. पाच नोंदींत काम झालं.

लिस्ट कॉम्प्रेस केलेली असेल तर डॉक-आयडींऐवजी त्यांच्यातले फरक साठवलेले असतात: 3, 4, 2, 3, 8, 8, 3, 6, 7 असे. मग उडीबरोबर दोन गोष्टी लागतात: पुढचा ब्लॉक सुरू होतो त्या बाइटची जागा आणि बेरीज जिथून सुरू करायची तो आकडा. तिसऱ्या ब्लॉकच्या आधीचा आकडा 37, त्यात 7 मिळवले की 44. तक्त्यात ब्लॉकचा पहिला आकडा 44 ठेवून त्यातच 7 मिळवलेत तर 51 येईल, आणि असं डॉक्युमेंट या लिस्टमध्ये नाहीच. निकालात दोहोंपैकी एखादा शब्द नसलेली डॉक्युमेंटं दिसू लागली की आधी हे तपासा. शेवटचा आकडा ठेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे तोच पुढच्या ब्लॉकच्या बेरजेचा पाया होतो. मात्र कॉम्प्रेस केलेला ब्लॉक बहुधा अख्खाच उलगडावा लागतो, म्हणून आपल्या उदाहरणात बचत झाली ती फक्त दुसऱ्या ब्लॉकच्या खर्चाची.

५. अंतर किती ठेवावं. P नोंदींत एक आकडा शोधायला अंतर g असेल तर खर्च साधारण P/g + g. तो g = √P ला सर्वांत कमी होतो, √P चा सल्ला येतो तो इथून. पण समोरच्या लिस्टमध्ये k आकडे असतील तर खर्च P/g + k·g/2 कडे जातो आणि योग्य अंतर √(2P/k) होतं. दहा लाख नोंदींची लिस्ट घ्या. √P ने 1000 येतं, पण समोर 200 आकडे असतील तर 100 पुरे. इंडेक्स बांधताना k ठाऊक नसतो, म्हणून ठरावीक लहान ब्लॉक आणि गरजेनुसार तक्त्यावर तक्ता हाच व्यवहार्य मार्ग. लुसीन या सर्च लायब्ररीने 4.1 आवृत्तीत 128 नोंदींचे ब्लॉक आणले, तेही अनेक पातळ्यांच्या स्किपसह. तिथला `advance(target)` म्हणजे वरचंच काम: target किंवा त्यापुढचा पहिला डॉक-आयडी द्या.

दोन्ही लिस्ट जवळपास सारख्या लांबीच्या असतील तर स्किपच्या नादी लागू नका, उड्या क्वचित बसतात आणि तपासण्याचा खर्च फुकट जातो. `OR` साठी तर त्यांचा उपयोगच नाही, कारण तिथे प्रत्येक नोंद निकालात हवी असते.

६. तपासणी. 0 ते 50 मधले यादृच्छिक पण वेगवेगळे आकडे घेऊन चढत्या क्रमाच्या लहान लिस्ट बनवा, अंतर 1, 2, 3 ठेवा आणि जपून ठेवलेल्या साध्या मर्जशी हजारो वेळा ताडून पाहा. पल्ला मुद्दाम लहान ठेवायचा, म्हणजे जुळण्या ब्लॉकच्या टोकांवर वारंवार पडतात. शिवाय किती उड्या बसल्या ते मोजणारा एक काउंटर ठेवा. अट फार कडक झाली असेल तर उत्तरं सगळी बरोबर येतील, आणि काउंटर मात्र शून्यावरच राहील.