कोंबडीला पावडर, खुराड्यात माइट: या चुका टाळा

पहिली चूक एकच आहे आणि ती मी सारखी पाहतो. पिसांत काही वळवळलं की लोक कोंबडी पकडून तिला पावडर चोळतात. उवांसाठी ते ठीक, कारण ऊ जन्मभर कोंबडीच्या अंगावरच राहते. लाल माइट दिवसा अंगावर नसतेच. ती फटींत दडते, रात्री येऊन रक्त पिते आणि परत जाते.

गोराईतल्या एका घरी हेच चाललं होतं. दर आठवड्याला पावडर, तरी तुरे पांढुरके, अंडी कमी. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरेनात, आंब्यावर चढून बसत. आळशी झाल्यात, असं घरच्यांचं मत. खुडूक कोंबडी मात्र अंड्यांवरून उठली नाही आणि तिथेच मेली. रात्री बॅटरी घेऊन पाहिलं, तर बसायची बांबूची दांडी भिंतीत शिरते तिथे राखेसारखा थर आणि लाल ठिपक्यांचे पुंजके. बांबूवर पांढरं फडकं दाबून ओढलं, त्यावर रक्ताच्या रेघा उठल्या.

मग सकाळी कोंबड्या बाहेर काढल्या. तूस आणि घरट्यातलं गवत जाळलं, दांड्या उपसल्या. फटी खरवडून प्रत्येकीत उकळतं पाणी ओतलं, खुराडं उन्हात कडक वाळवलं आणि भिंतींना फटी बुजतील असा दाट चुना दिला. दांड्या परत भिंतीत खोचल्या नाहीत. लोखंडी पायांवर ठेवल्या आणि पाय तेलाच्या वाट्यांत. भिंतीला दांडीचा स्पर्श नको, नाहीतर वाट्या फुकट.

एवढं केल्यावर लोक थांबतात, ही दुसरी मोठी चूक. उष्ण हवेत माइटची एक पिढी साधारण आठवड्यात तयार होते. त्या घरी सहाव्या दिवशी फडकं पुन्हा लाल निघालं. उकळतं पाणी परत, पुढच्या आठवड्यात आणखी एकदा. फडकं सलग कोरं निघेपर्यंत मी थांबू देत नाही. खुराडं रिकामं ठेवून माइट उपाशी मरेल, ही आशाही सोडा. ती महिनोन् महिने तग धरते.

रॉकेल, फिनाईल किंवा गुरांच्या गोचिडाचं औषध कोंबडीला लावू नका. कातडी भाजते, विषबाधा होते. औषध लागलंच तर पशुवैद्याकडून, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत हे तिथेच विचारा.

उवा दिवसा शेपटीखालची पिसं फुंकून पाहा: पिवळसर, पळणाऱ्या, पिसांच्या मुळाशी अंड्यांचे पांढरे गठ्ठे. पशुवैद्याने दिलेली पावडर कातडीपर्यंत पोहोचवा, डोळे-चोच वाचवा. अंडी पावडरीने मरत नाहीत, म्हणून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा. ज्यांना तेवढा धीर नसतो, त्यांच्याकडे त्या परत दिसतात.

मुंबईच्या पावसाळ्यात कोंबड्यांना लोळायला दिलेलं राखेचं टोपलं उघड्यावर ठेवू नका. ओल्या राखेत कोंबडी लोळत नाही.