बँकेच्या खऱ्या मेसेजखालीच बनावट मेसेज: या चुका टाळा

बनावट मेसेज बँकेच्या जुन्या मेसेजच्या खालीच दिसला की बहुतेकांचा संशय तिथेच मावळतो, आणि पहिली चूक नेमकी हीच होते. फोन मेसेजची मांडणी फक्त पाठवणाऱ्याच्या नावावरून करतो. ते नाव खरोखर कोणाचे आहे, हे तो तपासत नाही. एसएमएसमध्ये नंबरच्या जागी ११ अक्षरांपर्यंतचे नाव घालता येते आणि ते पाठवणारी यंत्रणा स्वतः भरते. पाकिटावर प्रेषकाचे नाव कोणीही लिहावे, तसाच हा प्रकार आहे. वाटेतल्या दूरसंचार कंपनीने अडवले नाही, तर तेच नाव वापरलेला बनावट मेसेज खऱ्या मेसेजच्या रांगेत जाऊन बसतो.

सिंगापूरमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये ओसीबीसी बँकेच्या ग्राहकांच्या बाबतीत हेच घडले. खात्यात अडचण असल्याचे सांगणारे मेसेज बँकेच्याच नावाने, जुन्या मेसेजखाली आले. लिंक उघडून बनावट पानावर भरलेली माहिती आणि ओटीपी वापरून भामट्यांनी खात्यांचा ताबा घेतला. सुमारे ७९० ग्राहकांचे मिळून १.३७ कोटी सिंगापूर डॉलर गेले. पुढे तिथल्या बँकांनी किरकोळ ग्राहकांना एसएमएसमधून लिंक पाठवणे बंद केले, आणि जानेवारी २०२३ अखेरपासून एसएमएसमध्ये नंबरऐवजी वापरल्या जाणाऱ्या अशा नावांची नोंदणी सक्तीची झाली.

भारतात व्यावसायिक मेसेजचे हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचे हे नाव, डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत नोंदवावे लागते, म्हणून नोंदणी नसलेल्या हेडरचा मेसेज दूरसंचार कंपनीकडेच अडायला हवा. मात्र "आपल्याकडे नोंदणी आहे, म्हणजे हेडर दिसले की मेसेज खरा" असे मानणे ही दुसरी चूक आहे, कारण बनावट टॉवर वापरला तर मेसेज कंपनीच्या जाळ्यातून जातच नाही. मोबाइल टॉवर असल्याचे भासवणारे असे यंत्र जवळपासच्या फोनला २जीवर ओढते. २जीमध्ये जाळे फोनची ओळख तपासते, पण फोन जाळ्याची तपासत नाही. त्यामुळे हवे ते नाव घालून मेसेज थेट फोनवर टाकता येतो. अनेक अँड्रॉइड फोनच्या सिमविषयक सेटिंगमध्ये २जी बंद करण्याची सोय असते; ती वापरावी, मात्र जिथे फक्त २जीच मिळते तिथे फोन लागणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

खातरजमेसाठी त्याच मेसेजमधल्या नंबरवर फोन करणे ही तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक. नंबर कार्डाच्या मागचा घ्यावा, किंवा बँकेचे ॲप स्वतः उघडून पाहावे. माहिती भरून झालीच असेल, तर आधी बँकेला कळवून खाते गोठवून घ्यावे आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. घाबरून तो मेसेज पुसू नये, कारण त्यातली लिंक आणि वेळ तक्रारीसाठी लागते.