अर्धायुष्याच्या स्लाइड बनवताना या चुका टाळा

किरणोत्सर्गी क्षयाच्या बहुतेक स्लाइड एकाच साच्यातल्या असतात. डावीकडे १६ ठिपके, मग ८, मग ४, मग २. उजवीकडे खाली उतरणारा वक्र आणि तळाशी एक सूत्र. विद्यार्थी मान डोलावतात, वहीत उतरवून घेतात. ‘आठ दिवसांच्या अर्धायुष्याचा नमुना सोळा दिवसांनी किती उरेल’ हे ते बिनचूक सांगतात. पाच दिवसांनी किती उरेल, असं विचारलं की गाडी अडते. मी हाच प्रश्न कसोटी मानतो. स्लाइड समजली की नुसती पाठ झाली, हे त्यातून लगेच कळतं.

पहिली गडबड त्या ठिपक्यांतच असते. १६ केंद्रकांतून एका अर्धायुष्यानंतर बरोबर ८ उरतात, असं चित्र सांगतं. प्रत्यक्षात बरोबर ८ उरण्याची शक्यता पाचात एकपेक्षाही थोडी कमी आहे. ६ उरू शकतात, १० उरू शकतात; ४ किंवा १२ सुद्धा अधूनमधून दिसतील. अर्धायुष्याचा नियम सरासरीचा आहे आणि केंद्रकांची संख्या प्रचंड असते तेव्हाच तो घड्याळासारखा नेमका वाटतो. वर्गात १६ नाणी उडवायला लावा, छापा पडलेली बाजूला काढा आणि उरलेली मोजा. चार गटांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की मुद्दा वेगळा समजवावा लागत नाही. ठिपक्यांची स्लाइड ठेवायचीच असेल तर एका चित्राऐवजी अशा तीन-चार वेगवेगळ्या ‘फेऱ्या’ दाखवा.

या चित्रातून आणखी एक गैरसमज शिरतो, आणि तो जास्त चिवट आहे. केंद्रक ‘म्हातारं’ होतं आणि वय झालं की फुटतं, असं मुलांना वाटू लागतं. केंद्रकाला वय नसतं. काल अणुभट्टीत तयार झालेलं आयोडीन-१३१ चं केंद्रक आणि महिनाभर टिकून राहिलेलं केंद्रक, दोघांचीही पुढच्या सेकंदात फुटण्याची शक्यता तंतोतंत सारखीच असते. क्षय-स्थिरांक λ म्हणजे हीच शक्यता. λ ची ओळख आधी करून द्यावी आणि अर्धायुष्य नंतर आणावं, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक स्लाइड नेमका उलटा क्रम घेतात, म्हणून λ हे सूत्रात टाकायचं एक निर्जीव अक्षर होऊन बसतं.

आता उदाहरण. ते पूर्णांकी अर्धायुष्यांचं मुद्दाम घेऊ नका. आयोडीन-१३१ उत्तम आहे. थायरॉइडच्या उपचारात ते वापरतात, नवी मुंबईत वाशीला असलेली ‘ब्रिट’ ही संस्था ते रुग्णालयांना पुरवते आणि त्याचं अर्धायुष्य ८.०२ दिवस आहे. अशा कुपीवर नुसती ॲक्टिव्हिटी लिहून भागत नाही, ती कोणत्या तारखेची आणि किती वाजताची, हेही लिहावं लागतं. समजा सोमवारी सकाळी १० वाजता कुपीत ३,७०० मेगाबेकेरेल, म्हणजे १०० मिलिक्युरी आहेत. शनिवारी सकाळी १० वाजता किती असतील?

```
λ = 0.693 / 8.02 = 0.0864 प्रति दिवस
λt = 0.0864 × 5 = 0.432
A = A₀ e^(−λt) = 3700 × e^(−0.432)
  = 3700 × 0.649 ≈ 2400 MBq
```

उत्तर आलं म्हणून पुढच्या स्लाइडकडे पळू नका. इथेच थांबून चुकीचं उत्तरही सोडवून दाखवा, कारण अर्धा वर्ग ते काढतो. ‘८.०२ दिवसांत ५० टक्के जातात, तर ५ दिवसांत ३१.२ टक्के जातील’ असा त्रैराशिकाचा हिशेब केला की सुमारे २,५५० मेगाबेकेरेल येतात. खऱ्या उत्तरापेक्षा हे सहा टक्के जास्त आहे. कारण साधं आहे: सुरुवातीला केंद्रकं जास्त असतात, म्हणून फुटणारीही जास्त असतात. पहिल्या पाच दिवसांत घट वेगाने होते, उरलेल्या तीन दिवसांत ती मंदावते. त्रैराशिक ही घट सगळे दिवस सारखी वाटून टाकतं. आलेखावर ० आणि ८.०२ दिवसांचे बिंदू सरळ रेषेने जोडा. वक्र त्या रेषेच्या खाली झुकलेला दिसेल. मधली फट म्हणजेच ती चूक.

उत्तराचा पडताळाही दाखवा. शनिवारपासून पुढे आणखी ८.०२ दिवस मोजले तर २,४०० चे १,२०० व्हायला हवेत. सूत्रात t = १३.०२ दिवस घालून पाहा, १,२०० च येतात. अर्धायुष्य कोणत्याही क्षणापासून मोजता येतं, हे यातून मुलांना स्वतःच्या हाताने पटतं.

याच कुपीत आयोडीन-१३१ चं वजन किती? हा प्रश्न जोडलाच पाहिजे, कारण एककांची चूक इथे उघडी पडते. बेकेरेल म्हणजे दर सेकंदाला एक विघटन. तेव्हा A = λN वापरताना λ सुद्धा प्रति सेकंदच हवा.

```
T½ = 8.02 × 86400 = 6.93 × 10⁵ s
λ  = 0.693 / (6.93 × 10⁵) = 1.00 × 10⁻⁶ प्रति सेकंद
N₀ = A₀/λ = 3.7 × 10⁹ / (1.00 × 10⁻⁶) = 3.7 × 10¹⁵
m  = 3.7 × 10¹⁵ × 131 / (6.022 × 10²³) ≈ 8.0 × 10⁻⁷ g
```

म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी! कोणी वर काढलेला ०.०८६४ हा आकडाच इथे घातला तर उत्तर ८६,४०० पट लहान येतं. एका दिवसात नेमके तेवढेच सेकंद असतात. उत्तर ८६,४०० पटीने चुकलेलं दिसलं की चूक शोधत बसावं लागत नाही. आयोडीन-१३१ निवडण्याचं माझं खरं कारणही याच ओळींत आहे. इथे λ जवळजवळ नेमका दहा लाखांत एक येतो. प्रत्येक केंद्रकाची पुढच्या सेकंदात फुटण्याची शक्यता दहा लाखांत एक, असं तो आकडा थेट बोलतो.

‘अर्धा पदार्थ नाहीसा होतो’ हे वाक्य स्लाइडवरून काढून टाका. नाहीसं काही होत नाही. आयोडीन-१३१ बीटा कण बाहेर टाकून झेनॉन-१३१ बनतं, आणि ते स्थिर असतं. कुपी बंद असेल तर वजन अर्धं होत नाही, फक्त आयोडीनची जागा झेनॉन घेतं. जन्मलेलं केंद्रक स्वतःच किरणोत्सर्गी असेल, तर एवढ्या सरळ सूत्राने एकूण ॲक्टिव्हिटी निघत नाही. मॉलिब्डेनम-९९ पासून होणारं टेक्नेशियम-९९एम हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ते वेगळ्या स्लाइडवर न्या, इथे मिसळू नका.

शेवटची चूक वक्राच्या शेपटीत असते. चित्रात तो वक्र आडव्या अक्षाला टेकवलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘दहा अर्धायुष्यांनंतर किरणोत्सर्ग संपतो’. आपल्या कुपीला हे लावून बघा. ८०.२ दिवसांनी १,०२४ वा भाग उरतो, म्हणजे ३.६ मेगाबेकेरेल. दर सेकंदाला अजून ३६ लाख विघटनं चालूच असतात. उभा अक्ष लॉगरिथमिक घेतला तर तोच वक्र सरळ रेषा होतो आणि शून्याला टेकायची सोयच राहत नाही. दहा अर्धायुष्यं हा कचरा साठवून ठेवण्याचा ढोबळ अंदाज आहे. सुरुवात किती मोठ्या आकड्यापासून झाली होती, हे त्यात धरलेलं नसतं. म्हणून टाकण्याआधी त्या कचऱ्याजवळ मीटर धरून पाहावाच लागतो.