खरेदीवरचे वीस टक्के आणि विक्रीवरचे वीस टक्के: वेफर्सच्या पाकिटाचा हिशोब

रावेरच्या एका बचत गटाने केळीचे वेफर्स जळगावच्या दुकानात ठेवायचे ठरवले, असे समजा. दुकानदाराला माल 200 रुपये किलोने मिळणार. तो म्हणतो, "ताई, मला वीस टक्के सुटले पाहिजेत." ताई 200 चे वीस टक्के, म्हणजे 40 रुपये, वर चढवतात आणि पाकिटावर 240 छापतात. दुकानदार मात्र म्हणतो, हे वीस टक्के नाहीत. त्याचे बरोबर आहे, कारण तो टक्के छापील किमतीवर मोजतो. 40 ला 240 ने भागून 100 ने गुणा, उत्तर 16.67 येते.

रुपये तेच 40, पण 200 मधला त्यांचा वाटा मोठा आणि 240 मधला लहान. नफा होत असेल तर विक्री किंमत खरेदीपेक्षा मोठीच असते, म्हणून विक्रीवरचा टक्का नेहमी कमी दिसतो. शाळेच्या गणितात शेकडा नफा खरेदीवर काढतात. बाजारात 'मार्जिन' म्हटले की बहुतेकदा विक्रीवरचा टक्का असतो. म्हणून भाव ठरवण्याआधी पहिले काम एकच: टक्के कशावर, हे विचारून घ्या.

विक्रीवर वीस टक्के हवे असतील तर खरेदीत वीस टक्के मिळवू नका. आधी 100 मधून 20 वजा करा. उरलेले 80 म्हणजे विक्री किमतीतला खरेदीचा वाटा. आता 200 ला 80 ने भागा आणि 100 ने गुणा: 250 रुपये. मग ताळा करा. नफा 50, आणि 250 चे वीस टक्के 50 च. खरेदीवर मात्र हाच नफा 25 टक्के होतो.

तोंडी हिशोबाला अपूर्णांक सोपे पडतात. नफा खरेदीचा चौथा हिस्सा असेल तर विक्रीचा पाचवा असतो. खरेदीचा तिसरा असेल तर विक्रीचा चौथा. चार हिश्श्यांची खरेदी आणि एक हिस्सा नफा, असे मिळून विक्रीचे पाच हिस्से होतात. खरेदीएवढाच नफा झाला, तर खरेदीवर शंभर टक्के आणि विक्रीवर पन्नास. खरेदीवरचा टक्का शंभराच्या पुढे जाऊ शकतो, विक्रीवरचा कधीच नाही. कोणी "विक्रीवर दीडशे टक्के नफा" म्हणाला, तर हिशोब तिथेच चुकला आहे.

खरा फटका बसतो तो सूट देताना. खरेदीवर 25 टक्के चढवून 250 लावले, आणि दिवाळीला 25 टक्के सूट दिली, तर मुद्दल तरी निघेल असे वाटते. पण सूट 250 वर मोजली जाते: 62 रुपये 50 पैसे. हाती येतात 187.50, म्हणजे किलोमागे साडेबारा रुपये तोटा. 250 वर वीस टक्के, म्हणजे 50 रुपये सूट दिली की पाकीट खरेदीच्या भावावर येते; तिथून पुढची प्रत्येक सूट दुकानदाराच्या खिशातून जाते.